भद्रावतीचा श्यामकर्ण

(नभोवाणीवरील कुमारश्रोत्यांकरिता नाट्यमय कथन)

पात्रे : निवेदक, धर्मराज, भीमसेन, कर्णपुत्र वृषकेतू, घटोत्कचपुत्र मेघवर्ण, राजा यौवनाश्व, त्याची वृद्ध माता, एक सारथी.

ध्वनियोजनेसंबंधी : या कथनात घोडा हेही एक पात्र आहे, आणि त्याला वाणी आहे ती केवळ टापांची. त्या टापा नारळाच्या दोन करवंट्यांनी वाजवाव्यात; तलावाकाठच्या ओलसर भूमीकरिता वाळूने भरलेल्या परातीत आणि खडकाळ वाटेकरिता लाकडी फळीवर. सैन्य दाखविण्यासाठी करवंट्यांच्या जोड्या वाढवीत जाऊ नये. तसे केल्याने सैन्य उभे राहत नाही, केवळ भांडी पडल्याचा भास होतो. सैन्याकरिता मायक्रोफोनपासून दूर, शक्य तर दुसऱ्या खोलीत, ढोल मंद वाजवावा आणि एकच करवंटीची जोडी जवळ ठेवावी. श्रोत्याचे मन उरलेले घोडे आपण होऊन जोडते. वावटळीस ताणलेल्या जाड कापडावर फिरविलेले लाकडी चक्र आणि मेघगर्जनेस हातात धरून हलविलेला पातळ पत्रा पुरतो. वाळक्या पानांकरिता मात्र खरी सागाची पानेच आणावीत. कागदाचा आवाज कागदासारखाच येतो. युद्धप्रसंगाच्या शेवटी शेल्याने वारा घालण्याचा जो आवाज आहे तो सुती उपरण्याचा असावा. रेशमी वस्त्र सळसळते आणि ऐकणाराला पाऊस पडत असल्यासारखे वाटते.

(ध्वनी : दुरून पाणकोंबड्यांचा आवाज. पाण्याची संथ चुळचुळ. हळूहळू मागे जाते.)

निवेदक : कुमारमित्रांनो, चंद्रपुराहून वरोऱ्याच्या वाटेला लागले म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर भद्रावती नावाचे गाव लागते. आगगाडीच्या स्थानकावर मात्र त्याचे दुसरे नाव आढळते, भांदक. गावाजवळ विजासनची टेकडी आहे, तिच्या पोटात बौद्ध भिक्षूंनी कोरलेली लेणी आहेत. डोलारा नावाचा तलाव आहे आणि त्यातील बेटाकडे जाणारा दगडी खांबांचा जुना पूल आहे. ही लेणी आणि हा पूल इतिहासकाळातील. परंतु या भागातील लोकांस विचाराल तर ते याहून फार मागची गोष्ट सांगतील. ते म्हणतील, राजा यौवनाश्वाची भद्रावती ती हीच, आणि श्यामकर्ण घोडा पाणी पिण्यास येत असे तो येथेच.

ही कथा व्यासांच्या महाभारतात शोधू नका. तेथे ती नाही. जैमिनीच्या नावाने चालत आलेला जो अश्वमेधग्रंथ आहे त्यात ती आहे, आणि श्रीधरकवीने ती मराठी ओवीत आणली. आज ऐकावयाची ती तीच कथा. टेकडीवरील रात्रीचा संवाद तेवढा या कथनाकरिता नवा रचला आहे. त्या संवादातील युद्धाच्या घटना मात्र महाभारतातल्याच आहेत.

(ध्वनी : एकतारीची एक तार छेडली जाते. नाद पूर्ण विरेपर्यंत कोणी बोलू नये.)

निवेदक : कुरुक्षेत्रावरील युद्ध संपले होते. धर्मराज हस्तिनापूरच्या सिंहासनावर बसला होता, परंतु त्याला झोप येत नव्हती. युद्ध संपल्यावर कुंतीने त्याला एक गोष्ट सांगितली होती. ज्या कर्णाला त्यांनी शत्रू म्हणून मारले, तो त्यांचा सर्वांत थोरला भाऊ होता. व्यासांनी प्रायश्चित्त सांगितले, अश्वमेध. त्याला घोडा हवा होता शुभ्र अंगाचा, पिवळ्या शेपटीचा आणि काळ्या कानाचा. असा घोडा पृथ्वीवर एकाच राजाजवळ होता, भद्रावतीच्या यौवनाश्वाजवळ. आणि दहा अक्षौहिणी सैन्य त्याच्यावर पहारा करीत असे. कुरुक्षेत्रावर पांडवांचे सारे सैन्य सात अक्षौहिणी होते आणि त्यांतले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच वीर जिवंत परतले होते, हे ध्यानात ठेवा, म्हणजे पुढील संभाषणाचा अर्थ कळेल.

भीमसेन : दादा, मी जातो. घोडा घेऊन येतो.

धर्मराज : एकटा? भीमा, आता आपल्याजवळ देण्यासारखे सैन्य नाही.

वृषकेतू : (थोडे मागून) काकांबरोबर मी जाईन.

(ध्वनी : सभेतील कुजबूज. एकाएकी थांबते.)

निवेदक : बोलणारा कर्णाचा मुलगा होता. त्याचे भाऊ रणात पडले होते. थोरला वृषसेन तर अर्जुनाच्याच बाणाने. हा एकटा उरला होता. वय तुमच्याहून फारसे अधिक नसावे. धर्मराजाने त्याला आपल्या घरात आणले होते, जेवावयास आपल्या पंक्तीला घेतले होते. परंतु त्याच्या मुखाकडे मात्र तो कधी पाहत नसे. आताही त्याने मान खाली घातली.

धर्मराज : बाळ, तू नको. तुझ्या पित्याला आम्ही मारले. आता त्याच पापाच्या प्रायश्चित्तासाठी तुला मरणाच्या तोंडी देऊ? तुझ्याकडे पाहण्याचीसुद्धा मला लाज वाटते.

वृषकेतू : काका, मला एक विचारावयाचे आहे. भर सभेत द्रौपदीमातेची विटंबना झाली तेव्हा माझे वडील काय बोलले, हे तुम्ही ऐकले होते ना?

धर्मराज : ते आता कशाला?

वृषकेतू : मीही ते ऐकले आहे, लोकांच्या तोंडून. लोक मला त्यांच्या दानाच्या गोष्टी सांगतात. कवचकुंडले कशी कापून दिली, दारी आलेला याचक कधी रिकामा गेला नाही. आणि मग कोणीतरी हळूच ती सभेची गोष्ट काढतो. ते गेले; त्यांचे ऋण फेडावयास मी उरलो आहे. मला जाऊ द्या.

निवेदक : धर्मराजाने उत्तर दिले नाही. परंतु नाहीही म्हटले नाही.

(ध्वनी : टापा फळीवर, तीन घोड्यांच्या, संथ. दोन क्षणांनी फळीवरून परातीत. मग वाळक्या पानांत. टापा थांबतात, पाने वाजतच राहतात : आता माणसे पायी चालत आहेत.)

निवेदक : तिसरा सोबती होता मेघवर्ण, घटोत्कचाचा पुत्र, म्हणजे भीमाचा नातू. बापाकडून त्याला राक्षसांची माया मिळाली होती; तो आकाशातून जाऊ शके आणि दिवसाची रात्र करू शके. तिघेजण दक्षिणेकडे उतरत उतरत या अरण्यात आले. माघ सरत आला होता. पळस नुकते पेटू लागले होते. सागाने पाने टाकली होती आणि ती इतकी वाळली होती की पाऊल पडताच पापडासारखी मोडत. ज्यांनी चंद्रपूर-गडचिरोलीचे रान त्या दिवसांत पाहिले आहे त्यांना हे सांगावयास नको. त्या पानांवरून वाघालाही चोरपावलांनी चालता येत नाही.

भीमसेन : (दबक्या आवाजात) थांबा. येथून पुढे पाऊल नको. हा आवाज नगरापर्यंत जाईल. ही टेकडी चांगली आहे. खाली तलाव दिसतो आहे. सकाळपर्यंत येथेच.

(ध्वनी : रातकिडे. दुरून घुबड. पुढील संवादभर रातकिडे मंद चालू.)

निवेदक : रात्र पडली. विस्तव पेटविण्याची सोय नव्हती. भीम एका शिळेला टेकून पडला आणि लवकरच त्याचा श्वास जड झाला. दोघे तरुण मात्र जागे होते. हस्तिनापुरापासून ते एकत्र चालत आले होते, आणि वाटेत पाणी, घोडे, दाणावैरण यांपलीकडे एकमेकांशी एक शब्दही बोलले नव्हते.

मेघवर्ण : झोप येत नाही?

वृषकेतू : नाही.

मेघवर्ण : मला अंधारात स्पष्ट दिसते. तू मघापासून माझ्याकडे पाहतो आहेस.

वृषकेतू : (थांबून) तुझे वडील रात्रीच पडले ना?

मेघवर्ण : चौदाव्या दिवसाच्या रात्री. तुझ्या वडिलांच्या हातून.

(ध्वनी : केवळ रातकिडे. चार अंक मोजावेत.)

मेघवर्ण : इंद्राने दिलेली ती शक्ती एकदाच फेकता येणारी होती. तुझ्या वडिलांनी ती अर्जुनासाठी जपून ठेवली होती. त्या रात्री माझ्या वडिलांनी कौरवसेनेची अशी दाणादाण केली की सगळे ओरडू लागले, फेक, आताच फेक. मग त्यांनी ती फेकली. माझे वडील पडले ते देह वाढवीत पडले. मरता मरता कौरवांची एक अक्षौहिणी त्यांच्याखाली चिरडली.

वृषकेतू : ठाऊक आहे मला.

मेघवर्ण : तुला काही म्हणावयाचे नाही?

वृषकेतू : काय म्हणू? ती शक्ती तुझ्या वडिलांवर गेली नसती तर ती अर्जुनकाकांवर गेली असती. मग माझे वडील आज असते. मी कितीदा तरी हा हिशेब करून पाहिला आहे. ज्या रात्री तुझे वडील मेले त्याच रात्री माझेही मेले. त्यांना ते कळले तीन दिवसांनी.

मेघवर्ण : म्हणजे तू माझ्या वडिलांवर रागावतोस?

वृषकेतू : तू माझ्या वडिलांवर?

मेघवर्ण : रोज. (थांबून) आज थोडा कमी. आज पाय फार दुखत आहेत.

भीमसेन : (झोपेत नसलेल्या आवाजात) त्या पाथेयाच्या गाठोड्यात दशम्या उरल्या आहेत का?

वृषकेतू : काका! तुम्ही जागे आहात?

भीमसेन : भूक लागली म्हणजे मला झोप येत नाही, हे साऱ्या आर्यावर्ताला ठाऊक आहे. (थांबून, वेगळ्या स्वरात) घटोत्कच माझा मुलगा होता. कर्ण माझा भाऊ होता, हे मला तो मेल्यावर कळले. दोघांपैकी एकासाठीही मी नीट रडलो नाही. त्या दिवसांत वेळच नव्हता. रोज सकाळी पुन्हा रथ जोडावा लागे. आण ते गाठोडे इकडे. तिघांनी मिळून खाऊ.

(ध्वनी : गाठोड्याची गाठ सुटते. रातकिडे हळूहळू विरतात. पहाटेचे पक्षी.)

निवेदक : दिवस उजाडला. टेकडीखाली नगर जागे झाले. प्रथम हत्ती पाण्यावर आले, मग रथांचे घोडे, मग स्वारांचे. ऊन माथ्यावर येऊ लागले तरी श्यामकर्णाचा पत्ता नव्हता. अशा वेळी पहिली चूक होते ती येथेच. वाट पाहून कंटाळलेला मनुष्य अंग हलवितो, फांदी मोडते, आणि सारे फसते. भीमाने दोघांच्या मनगटांवर हात ठेवले होते.

(ध्वनी : दूरचा ढोल, अगदी मंद. त्यावर एकाच घोड्याच्या टापा, परातीत, सावकाश. टापांची चाल इतर घोड्यांहून हलकी असावी.)

मेघवर्ण : (कुजबुजत) तो पाहा, तोच. त्याचा कान!

निवेदक : पांढऱ्या छत्राखाली तो चालत होता. चौफेर भाल्यांचे कुंपण. तो पाण्यापाशी आला. सैनिक एक पाऊल मागे सरले, कारण घोडा पाणी पिताना त्याच्या अंगावर सावली पडू देत नसत.

(ध्वनी : टापा थांबतात. घोडा पाणी पितो. परातीतील पाण्यात तळहात उलटसुलट करावा.)

भीमसेन : आता!

(ध्वनी : कापडाचे चक्र, प्रथम हळू, मग वेगाने. पत्रा एकदाच, जोराने. ओरडा. घोड्याचे खिंकाळणे. टापा परातीत वेगाने, वेगाने, आणि मध्येच एकदम बंद. वारा चालूच.)

निवेदक : टापा थांबल्या, हे तुम्ही ऐकले. घोडा थांबला नव्हता. त्याच्या पायांखालची भूमी गेली होती. मेघवर्णाने मायेने धुळीचा अंधार उठविला, त्या अंधारात झेप घेतली आणि श्यामकर्णाला दोन्ही बाहूंत कवळून तो वर निघाला. खाली सैनिक आंधळ्यासारखे एकमेकांवर आपटत होते. धूळ खाली बसली तेव्हा छत्र पाण्यात तरंगत होते, आणि मान वर करून पाहणाऱ्यांना सूर्याच्या आड एक पांढरा ठिपका दिसत होता.

(ध्वनी : शंख. ढोल जवळ येतो. रथांची चाके : दगडी जाते फिरविल्याचा आवाज.)

निवेदक : मग दहा अक्षौहिणी सेना जागी झाली. पुढील युद्धाचे वर्णन ग्रंथात पुष्कळ आहे. किती हत्ती पडले, किती ध्वज तुटले, हे सर्व तेथे मोजून दिले आहे. ते येथे सोडून देऊ. भीम राजपुत्र सुवेगाच्या वाटेत उभा राहिला, आणि स्वतः राजा यौवनाश्व रथ हाकीत आला तो थेट वृषकेतूसमोर. राजा वयाने प्रौढ होता. समोर एक पोरगा उभा आहे असे पाहून त्याने धनुष्य खाली केले.

यौवनाश्व : बाजूला हो, मुला. तुझ्यासारखी नातवंडे माझ्या अंगणात खेळतात. नाव काय तुझे?

वृषकेतू : वृषकेतू.

यौवनाश्व : कोणाचा?

वृषकेतू : कर्णाचा.

यौवनाश्व : सूर्यपुत्र कर्णाचा? आणि तू त्याला मारणाऱ्यांसाठी घोडे चोरतोस?

वृषकेतू : महाराज, हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे. तो मला वाटेतल्या प्रत्येक गावाने विचारला. बाण सोडा.

(ध्वनी : प्रत्यंचेचा टणत्कार, दोनदा. मग पुष्कळ वेळा. एक जड पडल्याचा आवाज. शांतता.)

निवेदक : वृषकेतू रथात कोसळला. राजाचा बाण छातीवर बसला होता. यौवनाश्वाने रथ वळविण्याची आज्ञा केली; त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटले होते.

सारथी : राजपुत्र! राजपुत्र, डोळे उघडा! ... पाणी, कोणी पाणी द्या!

वृषकेतू : (क्षीण स्वरात) पाणी नको. धनुष्य दे.

सारथी : हात कापतो आहे तुमचा.

वृषकेतू : रथाला टेकवून धरतो. तू घोडे स्थिर ठेव.

(ध्वनी : प्रत्यंचा एकदाच. मोठी पोकळ शांतता. मग रथाच्या फळीवर धनुष्य पडल्याचा आवाज, आणि त्यानंतर शरीर.)

निवेदक : आता यौवनाश्व पडला होता. रथातून भूमीवर. मुकुट दूर गेला होता, हातात शस्त्र नव्हते, डोळे मिटलेले. त्याचे सैनिक लांब होते. त्यांना पोचावयास वेळ होता. वृषकेतू रथातून उतरला आणि बाण भात्यातून काढून चालत पुढे गेला.

सारथी : आता सोडा, राजपुत्र. हा उठला तर तुम्हांला उभे राहवणार नाही. खाली आहे तोच सोडा!

वृषकेतू : (सावकाश) माझे वडीलही खाली होते.

सारथी : काय?

वृषकेतू : रथाचे चाक भूमीने गिळले होते. ते उतरून चाक उपटीत होते. म्हणाले, थांबा, चाक वर येईपर्यंत थांबा. दोन्ही हात चाकाला होते त्यांचे.

(ध्वनी : काही नाही. पूर्ण दहा अंक मोजावेत. ही शांतता भरून काढण्याचा मोह वाद्यवाल्यांना होईल. तो होऊ देऊ नये.)

सारथी : राजपुत्र, ते लोक जवळ आले.

वृषकेतू : याचा श्वास फार मंद आहे. सावली कर. सरक, तिकडून ऊन येते आहे.

(ध्वनी : सुती उपरण्याचा वारा. सावकाश, एका लयीत. मायक्रोफोनच्या अगदी जवळ. मागे दूरवर युद्धाचा ढोल, पण तो आता फिका.)

निवेदक : त्याने खांद्यावरचा शेला काढला आणि राजाच्या मुखावर वारा घालू लागला. त्याच्या स्वतःच्या छातीतून रक्त वाहत होते. शेल्याच्या एका टोकाला ते लागले होते. यौवनाश्वाचे सैनिक धावत आले ते भाले उगारून, आणि पाहतात तो शत्रू त्यांच्या राजाला वारा घालीत गुडघ्यांवर बसलेला. त्यांना काय करावे ते सुचेना. ते उभेच राहिले.

यौवनाश्व : (ग्लानीतून) कोण आहे? सुवेग?

वृषकेतू : नाही, महाराज. मीच.

यौवनाश्व : तू... मला मारले का नाहीस?

वृषकेतू : तुम्ही उत्तर देण्याच्या स्थितीत नव्हता. उठा, धनुष्य घ्या, आणि मग पाहू.

(ध्वनी : वारा थांबतो. राजा खोकतो. मग हसतो, प्रथम खोकल्यासारखे, नंतर मोकळे.)

यौवनाश्व : धनुष्य? पोरा, तुला स्वतःला उभे राहता येते का ते पाहा आधी. (मोठ्याने) शिंगे वाजवा! युद्ध थांबवा! सुवेगाला सांगा, भीमसेनाला सोड म्हणावे!

निवेदक : निरोप गेला, परंतु जरा चुकीचा गेला. कारण तेथे भीमालाच सुवेगाला सोडावयाचे होते. त्याने राजपुत्राला रथासह उचलून धरले होते आणि कोठे ठेवावे याचा तो विचार करीत होता.

(ध्वनी : शिंग. ढोल थांबतो. वरून वारा उतरतो, चक्र मंद मंद होत थांबते. आणि परातीत पुन्हा टापा.)

निवेदक : मेघवर्ण खाली आला. श्यामकर्णाचे पाय वाळूला लागताच त्याने अंग झाडले आणि, जणू मध्ये काही घडलेच नाही असा, तो पाण्याकडे गेला. त्याचे पाणी पिणे अर्धे राहिले होते. यौवनाश्वाने लगाम स्वतःच्या हाताने धरला आणि वृषकेतूच्या हाती दिला.

यौवनाश्व : दहा अक्षौहिणी घेऊनही मला हा राखता आला नाही. घेऊन जा. आणि एकटा नेऊ नकोस. मीही येतो, माझा मुलगा येतो, माझे सारे घर येते. ज्या घराने तुला वाढविले ते मला पाहावयाचे आहे.

निवेदक : सारे घर, हे म्हणणे सोपे होते. घरात राजमाता होत्या.

(ध्वनी : किल्ल्यांच्या जुडग्याची खुळखुळ. जाते फिरण्याचा आवाज, या वेळी खरोखर जाते म्हणून.)

राजमाता : कोठे म्हणालास?

यौवनाश्व : हस्तिनापुरास, मातोश्री. यज्ञ आहे. श्रीकृष्णाचे दर्शन होईल. गंगास्नान घडेल.

राजमाता : आणि कोठाराच्या किल्ल्या?

यौवनाश्व : दासी आहेत.

राजमाता : दासी! मी तीन दिवस गंगेवर गेले की दासी तूप मोजून ठेवणार आहेत का? गाईंचे दूध कोण पाहील? ती नवी सून चुलीत लाकडे इतकी घालते की जणू रोज लंकादहन आहे. मोक्ष पुढल्या वर्षी मिळेल. या वर्षीचे दाणे अजून वाळवावयाचे आहेत.

भीमसेन : (हळूच) महाराज, मी लहानपणापासून अशा मातोश्रींच्या हातचे जेवत आलो आहे. वादाने हे होणार नाही.

निवेदक : वादाने झाले नाही. ग्रंथकार सांगतो त्याप्रमाणे राजमातेला बळानेच उचलून न्यावे लागले. त्या नगराच्या वेशीपर्यंत ओरडत होत्या, आणि किल्ल्यांचे जुडगे त्यांनी कमरेला घट्ट बांधून घेतले होते.

(ध्वनी : भोयांची पावले, पालखीचा लयबद्ध कुरकुराट, किल्ल्यांची खुळखुळ, आणि या सर्वांमागे श्यामकर्णाच्या टापा, वाळक्या पानांत. सारे हळूहळू दूर जाते. पाने शेवटपर्यंत ऐकू यावीत.)

निवेदक : आता ही पाने वाजली तरी कोणाला भय नव्हते. घोड्याच्या एका बाजूस वृषकेतू चालत होता, छातीला पट्टी बांधून. दुसऱ्या बाजूस मेघवर्ण. त्याला उडून कितीतरी लवकर पोचता आले असते. तो चालत होता.

(ध्वनी : टापा पानांतून मातीवर, मातीवरून फळीवर. नगराचा घंटानाद, लोकांचा जयघोष.)

निवेदक : हस्तिनापूरच्या वेशीशी लोटलेल्या सर्व लोकांनी घोड्याचा काळा कान पाहण्यासाठी माना उंचावल्या. धर्मराज त्या गर्दीतून वाट काढीत पुढे आला. त्याने घोड्याकडे पाहिले नाही. तो वृषकेतूसमोर उभा राहिला, आणि त्या मुलाच्या मुखाकडे पाहत राहिला.

धर्मराज : जखम फार खोल आहे का?

वृषकेतू : नाही, काका.

(ध्वनी : टापा फळीवर चार. थांबतात.)